वाइन-कॉकटेलची यादी मराठीत करताय? आधी मापं बघा

अरे, कोरेगाव पार्कातल्या हॉटेलची यादी असो नाहीतर बाहेरच्या क्लायंटची, नावं तशीच ठेव, मोहितो म्हणजे मोहितोच, आधी मापं बघ. अमेरिकन यादीत १.५ औंस असेल तर ते साधारण ४५ मिली, आपल्याकडे स्मॉल ३० नि लार्ज ६०, म्हणजे हे दोन्हीत बसत नाही, त्यामुळे 'पेग' न लिहिता सरळ '४५ मिली' लिही, नाहीतर बिलावर गिऱ्हाईक भांडणार (आणि पुण्यात भांडणारच). वाइनचा ५ औंस ग्लास मात्र १५० मिली लिहिलास तरी चालतं, ७५० च्या बाटलीत पाच ग्लास.

मग 'ड्राय'. 'कोरडी वाइन' कृपा करून नको. वाइनला ड्राय म्हणजे गोडवा जवळपास नाही, पण ड्राय मार्टिनीत ड्राय म्हणजे व्हर्मूथ कमी, जिन जास्त, म्हणून पहिल्या ठिकाणी 'ड्राय, गोड नसलेली' आणि दुसऱ्या ठिकाणी 'जिन जास्त, व्हर्मूथ अगदी थोडी' असं वेगवेगळं लिहायचं, एकदा ठरवलेला शब्द सगळीकडे डकवायचा नाही.

व्हिस्की सावरमध्ये बरेच बार अंड्याचं पांढरं घालतात, मूळ यादीत नुसतं 'फोम' असेल तर बारवाल्याला विचारून घे आणि घालत असतील तर 'अंडं आहे' असं स्पष्ट लिही, शाकाहारी लोक तेच शोधतात.