मराठी मसुद्यावरून इंग्रजी एसओपी लिहिताना

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, प्रवेशाच्या अर्जासोबत विद्यार्थ्याने स्वतःबद्दल द्यायचं निवेदन. विद्यार्थ्याच्या मसुद्यावरून ते लिहिण्याचं पहिलंच काम आहे, तर वाक्यामागून वाक्य भाषांतर करत जाऊ नका. आधी पूर्ण मसुदा वाचा आणि फक्त त्याच मुलाला किंवा मुलीला लिहिता आली असती अशी दोन-तीन वाक्यं अधोरेखित करा. ती इंग्रजीत जशीच्या तशी टिकली पाहिजेत.

जलव्यवस्थापनाला अर्ज करणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘मार्चमध्येच आमच्या विहिरीचा तळ दिसायचा.’ मी त्याचं ‘सिव्हिअर वॉटर स्कॅर्सिटी’ केलं आणि ती मुलगीच त्यातून नाहीशी झाली. शेवटी ‘बाय मार्च वुई कुड सी द बॉटम ऑफ अवर वेल’ एवढंच ठेवलं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- मसुद्यात नसलेलं ‘पॅशनेट’, ‘सिन्स चाइल्डहुड’ पदरचं घालणं.
- ‘आम्ही सर्वेक्षण केलं’ याचं डोळे झाकून ‘वुई’ करणं. मराठीत संकोचाने ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो. विचारा: तू स्वतः नेमकं काय केलंस? तिने एकटीने चाळीस विहिरींची पातळी मोजली होती! तिथे ‘आय’च हवा.

शब्दमर्यादेत बसवताना आधी विशेषणं कापा, विहीर नको. मग तिला मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल, तो शब्द तुमचा आहे. तो बदला.