मनोऱ्याच्या टोकापर्यंत किती ऊर्जा पोहोचते?

मुलीच्या शाळेतल्या ऊर्जेच्या मनोऱ्याच्या तक्त्याचा फोटो पाठवत आहे. सूर्यापाशी २०,००,००० आणि गवतापाशी २०,००० किलोज्यूल असं लिहिलंय. वरच्या नाकतोडा, सरडा, धामण आणि सापमार गरुड या पायऱ्या रिकाम्या आहेत. सूर्याच्या आकड्याचे दहा टक्के घ्यायचे का? — एक पालक, कराड

नाही. खालच्या पायरीतली साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीकडे जाते, हा हिशोब सुरू होतो तो गवतापासून. पानांवर पडणाऱ्या उन्हातली साधारण एक टक्का ऊर्जाच प्रकाशसंश्लेषणातून गवतात साठते. उरलेलं ऊन परावर्तित होतं, आरपार जातं किंवा पान तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. तक्त्यावरचा २०,००० हा आकडा या एक टक्क्याशी नीट जुळतो.

आता पुढचं गणित सोपं आहे. प्रत्येक पायरीला दहाने भागायचं. नाकतोड्याकडे २,०००, सरड्याकडे २००, धामणीकडे २० आणि गरुडाकडे २ किलोज्यूल. मुलं इथे हमखास एक चूक करतात: दहा टक्के घेण्याऐवजी ते वजा करतात आणि नाकतोड्यापुढे १८,००० लिहितात. वरच्या पायरीचा आकडा खालच्यापेक्षा जेमतेम कमी दिसला, की समजावं, वजाबाकी झाली आहे. शिवाय हे आकडे एका प्राण्याचे नव्हेत. ठरावीक जमिनीवर ठरावीक काळात त्या पायरीच्या सगळ्या प्राण्यांच्या अंगी मिळून किती ऊर्जा साठली, ते त्यातून कळतं.

मग उरलेले नव्वद टक्के जातात कुठे? सर म्हणतात, 'उष्णता होते.' एवढंच उत्तर पुरे का? — इयत्ता नववीतला विद्यार्थी, सांगली

अर्धं उत्तर आहे. गवत आणि नाकतोडा ही एकच पायरी नीट उलगडून बघू. मधले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

२०,००० किलोज्यूल गवतापैकी नाकतोड्यांनी १२,००० खाल्लं असं धरू. ८,००० त्यांच्या तोंडाला लागलंच नाही. मुळं जमिनीत राहिली, काही पाती वाळून पडली. ती वाळवी, बुरशी आणि जिवाणूंच्या वाट्याला गेली. ही ऊर्जा वाया गेली नाही, फक्त वरच्या पायरीकडे न जाता विघटकांकडे वळली.

खाल्लेल्या १२,००० पैकी ७,२०० विष्ठेतून बाहेर पडले, कारण गवतातला तंतुमय भाग किड्याला पुरता पचत नाही. हाही वाटा विघटकांचाच. अंगी लागले ४,८००. त्यातले २,८०० उड्या मारण्यात, पचनात, पेशी चालू ठेवण्यात श्वसनातून खर्च झाले आणि उष्णता होऊन हवेत गेले. उरलेल्या २,००० मधून नाकतोड्याचं शरीर वाढलं, अंडी तयार झाली. सरड्याला खायला मिळतं ते एवढंच.

म्हणजे गळती तीन ठिकाणी होते: न खाल्लेलं, न पचलेलं आणि श्वसनात खर्च झालेलं. सरांची 'उष्णता' ही थेट यातली तिसरी. पहिल्या दोन वाटांनी गेलेली ऊर्जाही विघटकांच्या श्वसनातून बहुतांशी शेवटी उष्णताच होते, पण उशिरा आणि दुसऱ्या रस्त्याने. उत्तरपत्रिकेत तिन्ही लिही.

प्रत्यक्ष माळावर नाकतोडे साधारणपणे एवढं गवत खात नाहीत. तिथे पहिलीच गळती मोठी असते आणि वर जाणारा वाटा आणखी लहान होतो.

तक्त्यात नाकतोड्याच्या जागी ससा ठेवला तरी दहा टक्केच का? — विज्ञान शिक्षिका, विटा

गणितात हो, माळावर नाही. ससा उष्णरक्ताचा प्राणी. थंडीच्या रात्रीही शरीराचं तापमान टिकवायला त्याला सतत जळण लागतं. त्याने १,००० किलोज्यूल गवत खाल्लं आणि त्यातलं निम्मं पचलं, तर अंगी लागलेल्या ५०० पैकी वाढीला आणि पिल्लांना दोन-तीन टक्केच, म्हणजे १० ते १५ किलोज्यूल उरतात. नाकतोडा उन्हात बसून अंग तापवतो, म्हणून पचलेल्यातला बराच मोठा हिस्सा तो वाढीकडे वळवू शकतो.

दहा टक्क्यांची कल्पना रेमंड लिंडमन यांच्या १९४२ मधल्या लेखातून पुढे आली. त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटामधील एका लहान तळ्याचा अभ्यास केला होता. निरनिराळ्या परिसंस्थांत हे प्रमाण साधारण पाच ते वीस टक्क्यांच्या आसपास आढळतं, कधी त्याहूनही कमी. वर्गात दहा घ्या, पण तो सोयीचा सरासरी आकडा आहे हे मुलांना जरूर सांगा.

विघटक सगळं कुजवून पुन्हा मातीत घालतात. मग ऊर्जाही गवताला परत मिळत असेल ना? — एक शेतकरी, कोरेगाव

नत्र, स्फुरद, पालाश परत मिळतात, ऊर्जा मिळत नाही. ती विघटकांच्या श्वसनातून बहुतांशी उष्णता होऊन निघून जाते. उष्णतेवर गवत अन्न तयार करू शकत नाही. त्याला दरवेळी नवं ऊनच लागतं.

फोटोत तर मनोरा वर थोडासाच निमुळता होतो. पट्ट्यांची रुंदी मोजून उत्तर काढता येईल का? — एक विद्यार्थिनी, सातारा

नाही. गवताची पट्टी २० सेंटीमीटर रुंद काढली, तर नाकतोड्याची २ सेंटीमीटर, सरड्याची २ मिलिमीटर, धामणीची ०.२ आणि गरुडाची ०.०२ मिलिमीटर होईल. ही शेवटची रेघ केसापेक्षाही बारीक, तिच्यात चित्र बसणार कसं? म्हणून छापणारे वरच्या पट्ट्या मुद्दाम रुंद ठेवतात. तू कडेला लिहिलेले आकडेच वाच.