एनक्लेक्सचा रिपोर्ट नीट वाच, मग पुस्तक उघड

"मॅडम, मी नेरूळला राहते, चार वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची एनक्लेक्स-आरएन परीक्षा दिली, पूर्ण 150 प्रश्न आले आणि फेल झाले. रिपोर्टमध्ये मॅनेजमेंट ऑफ केअर आणि फार्मॅकॉलॉजी बिलो, फिजिऑलॉजिकल अडॅप्टेशन अबव्ह, बाकी सगळं निअर आहे. परत पहिल्यापासून सगळं वाचू का? आणि परत कधी देऊ?"

अगं, सगळं परत वाचू नकोस. 85 प्रश्नांनंतर कॉम्प्युटरला पास की फेल याची 95 टक्के खात्री झाली की तो पेपर थांबवतो, तुझा शेवटपर्यंत चालला म्हणजे तू पास व्हायच्या रेषेच्या अगदी जवळ होतीस, आणि 85 लाच बंद होऊन फेल आलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता अबव्ह काय आलंय बघ. गंभीर पेशंट, म्हणजे तुझं रोजचं काम. बिलो आलंय ते मॅनेजमेंट ऑफ केअर, आणि पेपरात सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. आपल्याकडे कुणी काय करायचं हे इन्चार्ज सिस्टर ठरवते, अमेरिकेत ते आरएनने, म्हणजे रजिस्टर्ड नर्सनेच ठरवायचं असतं, आधी कुणाला बघायचं, कुठलं काम एलपीएनला, म्हणजे आरएनच्या खालच्या दर्जाच्या नर्सला द्यायचं, कुठलं असिस्टंटला. उदाहरण देते. दोन पेशंट आहेत, एक सीओपीडीचा, सॅच्युरेशन 90, दुसरी थायरॉइडच्या ऑपरेशनची, श्वास घेताना आवाज येतोय. आयसीयूची सवय असली की डोळा आधी 90 वर जातो, पण सीओपीडीत 90 अपेक्षितच असतं, तो आवाज मात्र अपेक्षित नाही, तिथे श्वासनलिका दाबली जात असू शकते, म्हणून आधी ती. असा प्रश्न चुकला तर परत सीओपीडीचा धडा वाचून काहीच होणार नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी वहीत लिही, माहिती नव्हती की क्रम चुकला, आठवड्याभरात तुलाच दिसेल कुठलं जास्त आहे.

फार्मॅकॉलॉजीत मला वाटतं नावांचा घोळ असावा, वॉर्डात आपण लॅसिक्स म्हणतो, पेपरात फ्युरोसेमाइड येतं. ड्युटीवर हातात येणाऱ्या प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव लिही, आणि ते द्यायच्या आधी काय तपासायचं तेही, फ्युरोसेमाइडला पोटॅशियम आणि बीपी, डिगॉक्सिनला एक मिनिट नाडी.

निअर म्हणजे पास असं समजू नकोस हां, तो पट्टा रुंद असतो आणि छोट्या विभागात प्रश्नच कमी येतात, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नको, रोज थोडे मिक्स प्रश्न सोडव.

परत द्यायला किमान 45 दिवस थांबावंच लागतं, पण 45 व्या दिवशीच जायची घाई नको. नाइट ड्युटी धरून दहा आठवडे ठेव, पहिले सहा या दोन विभागांना, पुढचे चार मिक्स प्रश्नांना. रजिस्ट्रेशन आणि फी परत भरावी लागेल, तारीख मात्र नाइटच्या दुसऱ्या दिवशीची घेऊ नकोस, मागच्या वेळी तशी घेतली होतीस का ते मला कळव.