लाईन बंद असताना पुरवठादाराला लिहायचे पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही पाठवलेला तक्रारपत्राचा मसुदा, सोबतची पर्चेस ऑर्डर आणि मेंटेनन्सच्या लॉगबुकाची पाने वाचली. प्रेस लाईनच्या पीएलसीचे कंट्रोलर मॉड्यूल वेळेत आले नाही, लाईन बंद आहे आणि वरून रोज विचारणा होते आहे, तेव्हा मसुद्यात राग उतरणे स्वाभाविक आहे. ‘अक्षम्य हलगर्जीपणा’, ‘लाखोंचे नुकसान’ आणि ‘कायदेशीर कारवाई’ हे तिन्ही पहिल्याच परिच्छेदात आले आहेत; मॉड्यूलचा पार्ट नंबर मात्र पत्रात कुठेच नाही. समोरच्या ऑफिसात ज्याच्या टेबलावर हे पत्र जाईल, तो आधी ऑर्डर नंबर आणि पार्ट नंबर शोधेल, आणि ते न सापडल्यास पत्र बाजूला ठेवण्याचे आयते कारण त्याला मिळेल.

आता मुख्य मुद्दा. माल ३० जूनला यायला हवा होता, म्हणून २१ दिवस उशीर झाला, असे तुम्ही लिहिले आहे. ऑर्डर २ जूनची आणि मुदत चार आठवड्यांची, त्यावरून हा हिशेब तुम्ही केला असावा. पण तुमच्याच ऑर्डरमधील अटींचे पान उलटून पाहा. मुदत ‘अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून’ मोजायची आहे, आणि बँकेच्या नोंदीप्रमाणे अ‍ॅडव्हान्स ९ जूनला जमा झाला. म्हणजे माल ७ जुलैला येणे होते आणि आज, २१ जुलैला, उशीर १४ दिवसांचा आहे. पत्रात २१ दिवस गेले असते, तर पुरवठादाराने उत्तरात फक्त ही एक चूक दाखवली असती आणि उरलेल्या १४ दिवसांबद्दल एक अक्षर लिहिले नसते. अकाउंट्सकडे आठवडाभर अडकलेला अ‍ॅडव्हान्स हा आपला घरचा प्रश्न आहे. तो पत्रात आणायचा नाही, पण त्याचे दिवस समोरच्याच्या खात्यावरही टाकायचे नाहीत.

लाईन कधी आणि का थांबली, हे मसुद्यात अगदीच मोघम आहे. लॉगबुकात मात्र सगळे स्पष्ट आहे. जुने मॉड्यूल मे महिन्यापासून अधूनमधून फॉल्ट दाखवत होते, लाल दिवा लागला की ऑपरेटर सप्लाय बंद-चालू करून काम रेटत होते, आणि ११ जुलैच्या पहिल्या पाळीत ते कायमचे बंद पडले. तुमची सगळी बाजू या क्रमावर उभी आहे, म्हणून ती अशी मांडा: ‘मागवलेले मॉड्यूल ठरल्याप्रमाणे ७ जुलैला मिळाले असते, तर जुने मॉड्यूल निकामी होण्यापूर्वीच ते बदलता आले असते आणि ११ जुलैपासूनचा उत्पादनखंड टळला असता. याची कल्पना आपणांस त्याच दिवशी दूरध्वनीवरून दिली होती.’ सोबत लॉगबुकाच्या त्या पानाची प्रत जोडा.

दूरध्वनीचा उल्लेख एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे भरपाई दोन प्रकारच्या नुकसानीची मिळते: उशिरामुळे साहजिकच होणारी आणि करार करतेवेळी दोन्ही पक्षांना अपेक्षित असलेली. त्या कलमाखालच्या उदाहरणांत एक तुमच्याच प्रकरणासारखे आहे. गिरणी बंद आहे हे आधी सांगून यंत्र वाहतूकदाराच्या हवाली केले आणि त्याने विनाकारण उशीर केला, तर तेवढ्या दिवसांचा गिरणीचा सरासरी नफा मागता येतो. त्या उशिरामुळे हातचे गेलेले सरकारी कंत्राट मात्र मागता येत नाही. याच्या मुळाशी इंग्लंडमधील ग्लॉस्टरच्या गिरणीचा १८५४ चा निकाल आहे. तिथे तुटलेला शाफ्ट पोचवायला उशीर झाला होता, पण त्यावाचून गिरणी अडेल हे वाहतूकदाराला माहीत नव्हते असे कोर्टाने धरले आणि बुडालेला नफा नाकारला. तुमच्या २ जूनच्या ऑर्डरमध्ये ‘लाईन या मॉड्यूलवर अवलंबून आहे’ असे एक वाक्यही नाही. ११ जुलैला सांगितले ते पुढच्या घाईसाठी उपयोगी आहे, पण करारावेळी दिलेल्या माहितीची जागा ते घेऊ शकत नाही.

शिवाय ऑर्डरमध्ये विलंबशुल्काची अट आहे: दर आठवड्याला मूळ किमतीच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के. मॉड्यूल १,८५,००० रुपयांचे आहे. दोन आठवड्यांचे १,८५० रुपये होतात, आणि कितीही उशीर झाला तरी ९,२५० च्या वर आकडा जात नाही. करारात रक्कम ठरलेली असेल, तर कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई तिच्या आतच मिळते. त्यामुळे ‘लाखोंचे नुकसान वसूल करू’ ही धमकी पुरवठादाराचा अनुभवी माणूस वाचेल आणि मनात हसेल. बंद पाळ्यांची संख्या जरूर लिहा, ती प्रकरणाचे गांभीर्य सांगते. पण वसुलीचे वाक्य अटीपुरतेच ठेवा.

तेव्हा या पत्राचे खरे काम मॉड्यूल मिळवणे हे आहे, आणि तुमचा मसुदा नेमका तिथेच तोकडा पडतो. ‘त्वरित पुरवठा करावा’ या वाक्याला कोणीही ‘प्रयत्न चालू आहेत’ असे उत्तर देऊ शकतो. त्याऐवजी २३ जुलैच्या सायंकाळी पाचपर्यंत तीन गोष्टी लेखी मागा. मॉड्यूल या क्षणी कुठे आहे, उत्पादक कंपनीच्या गोदामात, वाटेत की कस्टम्समध्ये. निघाले असेल तर एअरवे बिलाचा किंवा डॉकेटचा नंबर. आणि ते येईपर्यंत त्याच पार्ट नंबरचे मॉड्यूल डीलरच्या सर्व्हिस स्टॉकमधून उसने मिळेल काय. तिसरी मागणी बहुतेकांना सुचत नाही, पण बंद लाईन बहुधा तिनेच सुरू होते. उत्तर न आल्यास ऑर्डरमधील अटीनुसार त्याच बनावटीचे मॉड्यूल दुसऱ्या अधिकृत डीलरकडून घेऊ आणि किमतीतील फरक आपल्याकडून वसूल करू, हेही नोंदवा. दुसऱ्या बनावटीचे घेण्याचा विचार नको. प्रोग्रॅम नव्याने लिहून तपासण्यात यापेक्षा जास्त दिवस जातील. पत्राची प्रत उत्पादक कंपनीच्या विभागीय विक्री कार्यालयाला जाऊ द्या, कारण डीलरला माल वरूनच मिळत नसेल तर किल्ली तिथेच आहे.

पत्र ईमेलने आजच पाठवा आणि स्पीड पोस्टनेही, पोच मागून. माल येण्यापूर्वी ते पोचले पाहिजे. मुदत हा कराराचा गाभा असेल, तर उशिरा आलेला माल स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा कळवावा लागतो, नाहीतर कलम ५५ प्रमाणे तो हक्क जातो. मुदत गाभा होती की नव्हती हा वाद नंतर होत राहील, तुम्ही मात्र आधीच कळवून ठेवा. म्हणून स्टोअर्सला सांगून ठेवा की चलनावर सही करताना ‘विलंबाच्या भरपाईचा हक्क राखून स्वीकारले’ असे हाताने लिहावे आणि त्या प्रतीचा फोटो तुम्हाला पाठवावा. सहीपूर्वी खोक्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासह ऑर्डरशी ताडून पाहावा. घाईघाईने पाठवलेल्या मालात जवळच्या नंबरचे मॉड्यूल येते आणि ते जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा घेईलच असे नाही. विलंबशुल्काची डेबिट नोट मॉड्यूल बसून लाईन सुरू झाल्यावर काढा, त्याआधी नको.

सुधारलेला मसुदा दुपारपर्यंत पाठवलात तर पाहून लगेच परत करतो.

कळावे, लोभ असावा.