साडीच्या दुकानाची जाहिरात स्पॅमसारखी वाटू नये म्हणून काय करू?

प्रश्न: बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट पाठवला की लोक ब्लॉक करतात. इमोजी आणि कॅपिटल अक्षरं किती वापरावीत?

उत्तर:

इमोजी दोन, फार तर तीन. कॅपिटल शून्य. पण त्यानं तुमचं काम निम्मंच होईल. बेळगावात खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत गौरी-गणपतीच्या आधी सगळ्यांच्या फोनवर साधारण असाच मेसेज पडतो:

```
🪔🪔🎉🎉🪔🪔
MEGA DHAMAKA OFFER!!!
सर्व साड्यांवर भरघोस सूट 😍😍
त्वरा करा!!! मर्यादित काळासाठी!!!
जास्तीत जास्त शेअर करा 🙏🙏🙏
```

हा मेसेज उघडण्याआधीच फसतो. चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये फक्त सुरुवातीचे काही शब्द दिसतात, आणि इथं त्या जागी नुसत्या पणत्या आहेत. दुकान कुठलं, साडी कुठली, सूट किती, कधीपर्यंत, यातलं काहीच नाही. खाली दुकानाचं नाव असेलही, पण तिथवर पोचतो कोण? शिवाय ज्यांना नीट दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात, त्यांना प्रत्येक इमोजीचं नाव ऐकावं लागतं.

हाच मजकूर असा लिहा:

```
नमस्कार, शहापूरच्या (दुकानाचं नाव) मधून.
गौरीसाठी इरकल साड्या आल्यात, 1,200 पासून.
*5 सप्टेंबरपर्यंत* 10 टक्के सूट.
🕙 सकाळी 10 ते रात्री 8
रंग बघायचे असतील तर "रंग" लिहा, फोटो पाठवतो.
मेसेज नको असतील तर "थांबा" लिहा.
```

इथं घड्याळाचा इमोजी शोभेला नाही, वेळेची ओळ चटकन सापडावी म्हणून आहे. इमोजीचं काम एवढंच. शब्दाच्या जागी इमोजी नको, कारण नवे इमोजी जुन्या फोनवर रिकामे चौकोन होऊन येतात.

मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, म्हणून आपले लोक ती हौस रोमन लिपीत नाहीतर तीन-तीन उद्गारचिन्हांत भागवतात. ठसवायचं असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका लावा, `*असं*`. तारका शब्दाला चिकटूनच हव्यात. मध्ये जागा सोडली तर ठळक होत नाही, नुसत्या तारका दिसतात. एका मेसेजात एकच ठळक जागा ठेवा: तारीख किंवा किंमत. सगळं ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही.

आता खरं दुखणं. डिझायनरनं पाठवलेली प्रतिमा किंवा घाऊक व्यापाऱ्याचा मजकूर तसाच पुढे ढकलला की वर "फॉरवर्डेड" असं बारीक लिहून येतं. मजकूर कितीही चांगला असला तरी वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस मला लिहीत नाहीये, कचरा पुढे सरकवतोय. चित्र गॅलरीत उतरवून घ्या, तिथून नव्यानं जोडा आणि खालचा मजकूर स्वतः टाइप करा. "जास्तीत जास्त शेअर करा" ही ओळ तर कायमची पुसा. ज्याला आवडेल तो न सांगता पाठवतो. म्हणूनच तारीख मजकुरातच हवी, कारण तुमचा मेसेज ऑफर संपल्यावरही कुणाच्या तरी ग्रुपमध्ये फिरत असतो.

"पणत्या-फुलं नसली तर सणाचा मेसेज भरल्यासारखा वाटत नाही," असं आमच्याकडचे बरेच दुकानदार मला ऐकवतात. मी दरवेळी तेच विचारतो: गिऱ्हाईक काउंटरला आल्यावर तुम्ही तोंडावर फुलं उधळता का? "या वहिनी, इरकल आल्यात" म्हणता ना? तेच लिहा.

आपल्या भागात आणखी एक चूक होते: मराठी आणि कन्नड मजकूर एकाखाली एक. मेसेज लांबतो, "आणखी वाचा" येतं आणि दुसरी भाषा त्याच्याखाली गाडली जाते. दोन याद्या करा, एक मराठी, एक कन्नड. एका यादीत २५६ जणच बसतात, त्यामुळे मोठ्या दुकानाला नाहीतरी याद्या फोडाव्याच लागतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि माहिती उघडा, पोचलेल्यांची नावं दिसतील. यादीत २०० जण आणि पोचला ६० जणांना, तर दोष इमोजीचा नाही. ब्लॉक करणाऱ्यालाही मेसेज पोचत नाही, त्यामुळे तुम्ही ज्याला ब्लॉक म्हणताय त्यातला बराच भाग न सेव्ह केलेल्या नंबरांचा असू शकतो. बिल करतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा आणि त्याच्याकडूनच तुम्हाला एक मेसेज करून घ्या. आणि ज्यानं "थांबा" लिहिलं, त्याला त्याच दिवशी यादीतून काढा.