मुलाला खोलीबाहेर काढलं, मग शिकले

प्रश्न: आई निवृत्त शिक्षिका आहे. ऑनलाइन शिकवणी घ्यायची तिची इच्छा आहे, पण लॅपटॉपला हात लावायलाही घाबरते. तिची भीती कशी घालवावी आणि तिच्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुमची आई लॅपटॉपला घाबरत नसावी, तुम्हाला घाबरत असावी. वाईट वाटून घेऊ नका. मी स्वतः गणिताची निवृत्त शिक्षिका आहे, आता आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन शिकवते, आणि मलाही सगळ्यात जास्त धाक माझ्या मुलाचाच होता.

मुलगा गुणी आहे, मदतीला कधी नाही म्हणत नाही. पण त्याची मदत म्हणजे "दे इकडे" म्हणत माऊस ओढून घेणं. चार खिडक्या उघडायच्या, दोन बंद व्हायच्या, "झालं बघ" म्हणून तो उठायचा. पुढच्या वेळी मी अडले की, "आई, मागच्या आठवड्यातच दाखवलं होतं ना!" अहो, दाखवलं कुठे, करून टाकलं होतं. पोराच्या हातातली पेन्सिल काढून त्याचं गणित आपणच सोडवलं तर त्याला शिकवणं म्हणतात का? वर्गात मी असं कधी केलं नाही. घरात मात्र माझ्याशी तेच चाललं होतं आणि नाव माझ्या वयाचं निघत होतं.

मग मी त्याला सांगितलं, वाय-फाय चालू करून दे आणि दार लावून जा. त्या दुपारी लॅपटॉपवर एक मीटिंग सुरू केली आणि तीच लिंक उघडून फोनवरून त्याच मीटिंगमध्ये शिरले. शिक्षिका मीच, विद्यार्थीही मीच. पहिल्याच मिनिटाला कर्कश किंचाळी सुरू झाली. पूर्वीची मी असते तर लॅपटॉप मिटून उठले असते. पण बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे विचार करायला सवड होती. फोनचा माईक माझा आवाज घेतोय, लॅपटॉपचा स्पीकर तो बाहेर टाकतोय, फोन तो पुन्हा घेतोय. फोनचा माईक बंद केला, फोनचा आवाज शून्यावर नेला, किंचाळी थांबली. त्या दिवशी मी मुद्दाम प्रत्येक बटण दाबून पाहिलं. मीटिंगमधून बाहेर पडलं तर काय होतं? काही नाही, त्याच लिंकवरून परत येता येतं. कॅमेरा बंद झाला तर? पुन्हा चालू होतो. सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे बटणंच गायब होणं. त्यालाही साधं कारण निघालं: काही क्षण हात लावला नाही की पट्टी लपते. पडद्याला बोट लावलं किंवा माऊस हलवला की परत येते. खिडकी लहान असेल तर उरलेली बटणं तीन ठिपक्यांच्या मागे जातात. म्हणून वहीत "डावीकडून तिसरं बटण" असं लिहून देऊ नका. जागा बदलते, चित्र तेच राहतं. आईला चित्र काढून ठेवू द्या, आणि ते तिच्या हाताने.

हे झालं तंत्र. खरी अडचण पुढे आली, आणि ती तुमच्या आईलाही येणार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गणित चेहऱ्याने शिकवता येत नाही, वही दिसावी लागते. मी फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर असा ठेवला की कॅमेऱ्याची बाजू कडेबाहेर राहील आणि खाली साधारण फूटभरावर माझी वही असेल. मागचा कॅमेरा निवडला. पुढच्या कॅमेऱ्यात आपलं लिखाण आपल्याला आरशासारखं उलटं दिसतं. मुलांना सहसा सुलटच दिसतं, पण ते माहीत नसेल तर भर तासाला माणूस हबकतो. फोन आडवा निजवला की चित्र भलतीकडे फिरतं, म्हणून आधी फोन उभा धरून चित्र नीट करायचं, पडदा फिरणं बंद करायचं, मग ठेवायचा. दिवा डोक्यावर नको, फोनचीच सावली पडते. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून घ्या. बॉलपेन फिकं दिसतं, जाड टोकाचं पेन घ्या आणि अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढा. आणि मुलांना फोनचं चित्र पिन करायला सांगा. मीटिंग बोलणाऱ्याचं चित्र मोठं करते, फोनचा माईक तर आपण बंद केलेला, त्यामुळे वहीऐवजी आपला चेहराच दिसत राहतो.

इतकं जमल्यावरही एक गोष्ट टोचत होती. मुलांची वही मला दिसत नव्हती. ती गणितं सोडवून फोटो पाठवायची. आठवीतल्या एका मुलाची बेरीज-गुणाकार चोख, पण कंस आला की चिन्ह चुकायचं. फोटोत होतं:

7 − 3(x − 2) = 7 − 3x − 6 = 1 − 3x

फोटो पाहून कुणीही म्हणेल, नियम विसरला. मीही नियम पुन्हा सांगितला, तो घडाघडा म्हणून दाखवायचा, पुढच्या गणितात पुन्हा तेच. मग त्याला म्हटलं, चेहरा नको मला, कॅमेरा वहीवर धर आणि माझ्यासमोर सोडव. त्याने −3x झटक्यात लिहिलं. मग पेन थांबलं. नजर मागे कंसाकडे गेली असणार, कारण पुढे आलं ते कंसातलं वजा चिन्ह, जसंच्या तसं उतरवलेलं, आणि त्यानंतर 6. तो चिन्हाचा गुणाकार करतच नव्हता, चिन्ह नकलून घेत होता. बाहेरचं वजा त्याच्या हिशेबाने 3x ला देऊन संपलं होतं. पूर्ण झालेल्या ओळीच्या फोटोत हे दिसणं शक्य नाही, थांबलेल्या पेनात दिसलं.

त्याला नियम तिसऱ्यांदा सांगितला नाही. x च्या जागी 2 घालून बघ म्हटलं. कंस शून्य होतो, म्हणजे मूळ राशी 7. त्याच्या उत्तरात 2 घातले तर 1 − 6, म्हणजे −5. "बाई, दोन्ही सारखे यायला पाहिजेत ना?" हो, यायला पाहिजेत. मग तेच 7 + (−3)(x − 2) असं लिहायला लावलं, म्हणजे वजा 3 ला चिकटून राहतं आणि दोन्ही पदांपर्यंत पोचतं. 7 − 3x + 6, म्हणजे 13 − 3x. 2 घालून पाहिले, 7 आले. पुढे काही दिवस तो प्रत्येक कंसाला 2 घालून बघायचा, कंसात 5 असले तरी. मी टोकलं नाही, पडताळा खोटा ठरत नव्हता.

त्या तासाला मध्येच माझं चित्र गोठलं होतं. माझा मुलगा दारातून डोकावला, आत येऊन माझ्या खांद्यावरून हात घालू लागला. मी त्या विद्यार्थ्यासमोरच म्हटलं, "हात मागे घे, मी करते." कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला, चित्र आलं. मुलगा दोन दिवस घुश्शात होता. माझा नाइलाज होता. विद्यार्थ्यासमोर बाईच्या हातून वस्तू काढून घेतली की बाई उरत नाही, हे त्याला कोण सांगणार?

शिकवण्याच्या काही जुन्या सवयी मात्र सोडाव्या लागतात. सगळ्यांनी एका सुरात उत्तर देणं विसरा. आवाज मागेपुढे पोचतात, मीटिंग एकाचाच आवाज पुढे आणते, बाकीचा गलका होतो. मी उत्तर चॅटमध्ये लिहायला सांगते पण पाठवायला नाही. "आता" म्हटलं की सगळे एकदम पाठवतात, कुणाला शेजाऱ्याचं बघून लिहिता येत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर ती सहन करायची. शाळेत आपण लगेच दुसऱ्याला उठवायचो. इथे आवाज पोचायला, मुलाने म्यूट काढायला आणि मग बोलायला वेळ लागतो. घाईने आपणच उत्तर दिलं की मुलं ती सवय पटकन ओळखतात.

फुकट खात्याची वेळेची मर्यादाही आईला आधीच सांगून ठेवा. झूमवर 40 मिनिटांनी मीटिंग संपते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर 60 मिनिटांनी. ठाऊक नसेल तर आपल्याच हातून काहीतरी बंद पडलं असं वाटतं. मी तासच 35 मिनिटांचा केला. तसंही त्यापुढे आठवीचं पोर ऐकत नाही, समोर बसलेलं असो की पडद्यावर.

एक भीती मात्र घालवू नका. अनोळखी माणूस फोन करून "अ‍ॅप टाका, मी दुरून दुरुस्त करतो" म्हणाला किंवा ओटीपी मागितला तर घाबरलंच पाहिजे. सगळी बटणं बिनधास्त दाबा हे मी मीटिंगपुरतं म्हणतेय.

आणि हेही खरं, की प्रत्येकीला हे करायचंच असतं असं नाही. नजर किंवा कान साथ देत नसतील, किंवा आईला मुळात घरी मुलं येऊन बसलेली आवडत असतील, तर तुमच्या हौसेपायी तिला यात ढकलू नका. इच्छा तिची आहे म्हणता, तेवढं एकदा तुम्ही खोलीत नसताना तिला कुणाकडून तरी विचारून घ्या.

लॅपटॉपचं म्हणाल तर घरात असलेला चालेल. पडदा मोठा असावा, माईक असलेला इअरफोन असावा, आणि फोनला घट्ट धरून ठेवणारा स्टँड लॅपटॉपपेक्षा आधी घ्या, पुस्तकांचे गठ्ठे घसरतात. कंपनी वगैरे मला विचारू नका, ते माझ्या मुलाला कळतं. त्याचं अजूनही म्हणणं आहे की दोन उपकरणांवरून एकाच मीटिंगमध्ये शिरायची युक्ती त्याने सुचवली होती. सुचवली असेल. किंचाळी मी बंद केली.