यूकेच्या थिअरी टेस्टमधले ॲटिट्यूडचे प्रश्न: सभ्य उत्तर चुकतं कुठे

प्रश्न: पुण्यात ९ वर्षं कार चालवलीय, आता यूकेत थिअरी टेस्टची तयारी करतेय. मॉकमध्ये बाकी सगळं जमतं पण ॲटिट्यूडचे प्रश्न चुकतात, मी तर सगळ्यात सभ्य वाटणारा ऑप्शनच टिक करते. नक्की काय बघतात त्यात?

उत्तर:

सभ्य वाटणारा ऑप्शन, तिथेच चुकतंय. माझंही सुरुवातीला हेच होत होतं. त्या प्रश्नांत तुम्ही मनाने किती चांगल्या आहात हे बघत नाहीत. समोरच्याने काय करावं हे तुम्ही ठरवताय, की आपली गाडी आवरून त्याला जागा आणि वेळ देताय, एवढंच बघतात. चिडून हॉर्न वाजवणारा समोरच्याला हुकूम सोडतो, आणि हसून "जा जा" म्हणून हात दाखवणाराही हुकूमच सोडतो. परीक्षेत दोन्ही चूक.

झेब्रा क्रॉसिंगचा प्रश्न घ्या. माणूस कडेला उभा आहे, तुम्ही थांबलात, आता काय कराल? ऑप्शनमध्ये असतं हात दाखवून बोलवा, लाइट फ्लॅश करा, हॉर्न वाजवा, किंवा थांबून राहा आणि त्याला त्याचं ठरवू द्या. आपल्याला हात दाखवणं प्रेमळ वाटतं. मला ह्याचं कारण क्लासमध्ये नाही, रस्त्यावर कळलं. माझ्या तिसऱ्या लेसनला एक आजी चाकांची पिशवी घेऊन झेब्राच्या कडेला उभ्या होत्या, मी थांबले आणि हाताने "या" असं केलं, त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि माझ्याचकडे बघत खाली उतरल्या. समोरून व्हॅन येत होती. व्हॅनवाला थांबला, काही झालं नाही, पण आजींनी त्या बाजूला बघितलंच नव्हतं, कारण मी बोलावलं होतं. इन्स्ट्रक्टर शांतपणे एवढंच म्हणाले, "तू तुझ्या गाडीपुरतं सांगू शकतेस, त्या व्हॅनबद्दल तू कशी काय कबूल केलंस?" हायवे कोडमध्येही हेच कारण दिलंय, दुसरी गाडी येत असू शकते म्हणून बोलवायचं नाही. थांबा, त्यांना दोन्हीकडे बघू द्या, सावकाश जाऊ द्या, हेच बरोबर उत्तर.

आता डिपर. ह्यात भारतातून आलेले जवळजवळ सगळे अडकतात, कारण आपल्याकडे अप्पर-डिपर मारला की अर्थ होतो "मी येतोय, तू थांब". इथे रस्त्यावर लोक बरोबर उलट अर्थाने देतात, "आधी तुम्ही जा". म्हणजे एकच लाइट आणि दोन उलटे अर्थ, विचार करा जंक्शनला एक नवीन आलेला आणि एक इथला समोरासमोर आले तर काय होईल. म्हणून हायवे कोड दोन्ही अर्थ मानत नाही. लाइट फ्लॅश करायचा तो फक्त "मी इथे आहे" हे कळवायला, बाकी काहीही सांगायला नाही, आणि कुणी तुम्हाला फ्लॅश केलं तर ते "ये" म्हणताहेत असं धरून निघायचं नाही, स्वतः बघून मगच निघायचं. प्रश्नात "थँक्यू म्हणायला", "वाट द्यायला", "रस्ता माझा आहे हे सांगायला" असे ऑप्शन देतात, ते सगळे सोडून द्या. हॉर्नचंही तसंच, चालत्या गाडीतून आपण आहोत हे दुसऱ्याला कळवण्यापुरता.

तिसरा प्रकार म्हणजे मागे गाडी चिकटवणारा. ह्यावर प्रश्न येण्याची शक्यता चांगली असते आणि उत्तर पहिल्यांदा वाचलं की उलटंच वाटतं. मागचा अगदी बंपरला आलाय, तुम्ही काय कराल? स्पीड वाढवून सुटायचं नाही, ब्रेकचा लाइट दाखवून त्याला धडा शिकवायचा नाही, उत्तर आहे की हळूहळू वेग कमी करा आणि तुमच्या *पुढचं* अंतर वाढवा. मागच्याचा त्रास आणि अंतर पुढचं, असं का? कारण मागच्याकडे थांबायला जागाच उरलेली नाही, ती त्याने स्वतःच संपवलीय, आणि ती त्याला देणं फक्त तुमच्याच हातात आहे. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किमान २ सेकंद ठेवायचे असतात, ओल्या रस्त्यावर ४. ताशी ३० मैलांना २ सेकंद म्हणजे साधारण २७ मीटर. समजा तेवढंच अंतर आहे आणि पुढच्याने जोरात ब्रेक मारला, तर तुम्हालाही जोरात मारावा लागणार, तुम्ही थांबाल पण मागचा तुमच्या डिकीत येणार. तेच पुढे ४ सेकंद ठेवले असतील तर तुम्ही हळूच दाबू शकता, तुमचा ब्रेक लाइट आधी पेटतो आणि मागच्याला वेळ मिळतो. तुमच्या पुढचं अंतर म्हणजे तुम्ही दोघांसाठी धरलेली जागा.

मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो. तुम्ही ते अंतर धरलंत आणि कुणी ओव्हरटेक करून कट मारून बरोबर त्याच गॅपमध्ये घुसलं. इथे माझा हात अजूनही हॉर्नकडे जायला बघतो, खोटं कशाला बोलू. उत्तर मात्र एकच, थोडं मागे राहून पुन्हा २ सेकंद तयार करा. ह्याने वेळ फार जात नाही, एकदा २ सेकंद मागे गेलात की पोचायला तेवढेच २ सेकंद उशीर होतो, पुण्यात आपण ह्यासाठी किती भांडलो असू.

एक सांभाळा. हे सगळं वाचून "जो जास्त नमतं घेतो तो ऑप्शन बरोबर" असा फॉर्म्युला करू नका, त्यानेही मार्क जातात. तुम्हाला कुणी ओव्हरटेक करत असेल तर तुम्ही आपल्या लाइनीत स्थिर वेगाने राहायचं, गरज पडली तर कमी करायचा, त्याला मदत म्हणून एकदम ब्रेक दाबायचा नाही. मागून ॲम्ब्युलन्स आली तर वाट द्यायची, पण त्यासाठी लाल सिग्नल तोडायचा नाही, फुटपाथवर चढायचं नाही. आणि तुमच्यामागे लांब रांग लागली असेल तर "मी हळू चालवतेय म्हणजे सेफ आहे" हे उत्तर नाही, सुरक्षित जागा बघून बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यायचं. मी प्रत्येक ऑप्शनला विचारायचे, हे केल्यावर समोरच्याला पुढे काय होणार हे आधीच कळेल का, आणि चूक झालीच तर सावरायला जागा उरेल का? दोन्हीला हो आलं की तोच टिक करायचे.

५० पैकी ४३ लागतात, म्हणजे ७ चुका चालतात, त्या साइन्स आणि आकड्यांसाठी राखून ठेवा, ह्या टॉपिकवर घालवू नका. इथे पाठ करायचा आकडा मला तरी एकच वाटला, वस्तीच्या भागात रात्री ११.३० ते सकाळी ७ हॉर्न बंद, आणि गाडी उभी असताना तर कधीच नाही, दुसऱ्या कुणामुळे धोका असेल तेवढाच अपवाद. तो अपवाद एखाद्या ऑप्शनमध्ये लपवलेला असू शकतो, म्हणून चारही पूर्ण वाचा.